मंडपाचा देखावा: गोष्ट, प्रतिकृती आणि सामानाची यादी

मंडळात नवीन आलेल्या पोरांना देखाव्याचं काम दिलं की बहुतेक वेळा सुरुवात सामानापासून होते. कुणाच्या तरी गोदामात प्लायवूड पडलेलं असतं, कुणाच्या ओळखीत लाइटवाला असतो, आणि त्यातून काय बनेल याचा विचार सुरू होतो. क्रम उलटा हवा. आधी गोष्ट, गोष्टीवरून छोटी प्रतिकृती, आणि प्रतिकृतीवर पट्टी लावून सामानाची यादी. यातली प्रत्येक पायरी आधीच्या पायरीला कात्री लावते. ती कात्री जुलैत घरात बसून लागली तर पुठ्ठा वाया जातो, चतुर्थीच्या आदल्या रात्री लागली तर प्लाय वाया जातो.

समजायला सोपं जावं म्हणून एकच उदाहरण शेवटपर्यंत नेतो. नवी मुंबईत घणसोलीच्या एखाद्या सेक्टरमधलं मध्यम मंडळ धरा. मंडप २४ फूट रुंद, ३२ फूट खोल. मूर्ती पाच फुटांची. समोरून रांग आत येते, दर्शन घेते, बाहेर जाते. विषय ठरवलाय मिठागराचा.

गोष्ट निवडताना

"मिठागर" हा झाला विषय, गोष्ट नव्हे. "पर्यावरण", "शिवकाल", "स्त्रीशक्ती" हेही विषयच. गोष्ट व्हायला काहीतरी बदलावं लागतं: सुरुवातीला एक असतं, शेवटी दुसरं होतं. म्हणून बैठकीत प्रत्येकाला विषय एका वाक्यात सांगायला लावा आणि त्या वाक्यात "होतं", "येतं", "मिळतं" असं काही घडतंय का ते बघा. आमच्या उदाहरणातलं वाक्य असं: खाडीचं भरतीचं पाणी उन्हात आटत आटत पंगतीच्या पानावर मीठ होऊन येतं. यात तीन ठिकाणं आली: उघाडी, म्हणजे भरतीचं पाणी आत घेणारं बांधातलं दार, मग वाफे आणि पान. तीनच्या वर जाऊ नका. चालत्या रांगेतल्या माणसाच्या लक्षात त्याहून जास्त राहत नाही.

हे वाक्य पहिल्याच बैठकीत असं नव्हतं असं धरून चला. पहिला मसुदा बहुतेक असा निघतो: मीठ शेवटी बाप्पाच्या नैवेद्याच्या पानात दिसतं. ऐकायला छान. पण बैठकीत एखादी काकू असतेच, ती विचारते, "अरे, नैवेद्याच्या पानात मीठ वाढतात का कधी?" आणि ती बरोबर असते. स्वयंपाकात मीठ असतं, पण देवाच्या पानात वेगळं वाढत नाहीत, अशीच बहुतेक घरांतली रीत आहे. पंगतीच्या पानात मात्र पहिलं मीठच पडतं. म्हणून शेवट पंगतीचा केला, आणि खरं तर तो जास्त बरा झाला, कारण पंगत दाखवली की माणसं दिसतात. असली चूक मंडपात राहिली तर दहा दिवस प्रत्येक आजी ती दाखवून जाईल. विषय कुठलाही असो, ती रीत घरात पाळणारं एक वडीलधारं माणूस बैठकीत बसवा.

त्यातून निवडलेली गोष्ट आसपासची असेल तर अजून एक फायदा असतो. नवी मुंबई ९५ गावांच्या जमिनीवर उभी राहिली. १९७० मध्ये सिडको आली, त्याआधी खाडीकाठाला भातशेती, मासेमारी आणि मिठागरं होती. त्यामुळे गावठाणात जाऊन विचारलं तर मिठागरावर स्वतः काम केलेली किंवा आईवडिलांना करताना पाहिलेली माणसं अजून भेटतात. त्यांच्याकडून नुसती माहिती नाही, वस्तूही मिळतात: लांब दांड्याची लाकडी फळी, वेताची टोपली, डोक्यावरची चुंबळ. एक अडचण आधी सांगतो. मीठ पिकतं पाऊस संपल्यावर, आणि ऐन हंगाम उन्हाळ्यात. आषाढात पाहणीला गेलात तर सगळीकडे नुसतं पाणी दिसेल. वाफे कसे आखलेले असतात, राशी कुठे लावतात, हे जुन्या माणसांकडून कागदावर काढून घ्या आणि त्यांनाच तो कागद परत दाखवा.

आता गोष्टीला वेळेची कात्री. देखावा दोन तऱ्हेने दाखवता येतो. एक, लोकांना आत घेऊन उभं करायचं आणि निवेदन, लाइट, आवाज यांचा छोटा खेळ दाखवायचा. दोन, लोक चालत राहतात आणि देखावा बाजूला असतो. पहिली तऱ्हा सगळ्यांना हवी असते, म्हणून तिचं गणित आधी करा. सहा मिनिटांचा खेळ, लोक बाहेर काढून नवीन आत घ्यायला दोन मिनिटं, म्हणजे आठ. ध्वनिक्षेपक रात्री दहाला बंद करावा लागतो. बारापर्यंतची सवलत काही ठरावीक दिवसांपुरती असते. सात ते दहा या तीन तासांत बावीस खेळ बसतात. मंडपात एका वेळी तीस माणसं मावत असतील तर साडेसहाशेच्या आसपास लोक झाले. तुमच्याकडे गौरी विसर्जनानंतरच्या शनिवार-रविवारी यापेक्षा जास्त लोक येत असतील तर रांग रस्त्यावर जाणार आणि बंदोबस्तावरचे पोलीस तुम्हाला खेळ बंद करायला सांगणार.

आमच्या उदाहरणात म्हणून चालत्या रांगेचा देखावा. याचा अर्थ गोष्ट कानाने नाही, डोळ्यांनी कळली पाहिजे. प्रत्येक जण वेगळ्या क्षणी आत येतो, त्यामुळे निवेदन कुणाच्याच पावलांशी जुळत नाही. पाण्याचा आणि वाऱ्याचा हलका आवाज पुरे.

प्रतिकृती: एक इंच म्हणजे एक फूट

प्रतिकृतीसाठी दुसरं कुठलंही माप धरू नका. एक इंचाला एक फूट घेतलं की डोक्यात भागाकार करावा लागत नाही, सुताराची टेपच तुमची मोजपट्टी होते. २४ बाय ३२ फुटांचा मंडप म्हणजे २४ बाय ३२ इंचांचा प्लायचा तुकडा. घरातल्या टेबलावर मावतो, दोन माणसं उचलून बैठकीला नेतात.

पण आधी जागेवर जाऊन मोजा, आणि रुंदी-लांबी एवढंच मोजून परत येऊ नका. गटाराचं झाकण कुठे आहे, विजेचा खांब कुठे, झाडाची फांदी किती उंचीवर, शेजारच्या दुकानाचं शटर किती उघडतं, हे सगळं लिहून घ्या. पालिका, वाहतूक पोलीस आणि अग्निशमन दल यांच्या परवानगीत जेवढी जागा मिळेल तेवढीच तुमची. अर्जाचा नकाशा आणि तुमच्या प्रतिकृतीचा नकाशा एकच असू द्या. रस्त्याचा उतार तर हमखास विसरला जातो. पाणी वाहून जावं म्हणून रस्ता मधून उंच आणि कडेला उतरता असतो, आणि डोळ्याला तो सपाट वाटतो. गवंड्याकडची पाण्याची लेव्हल ट्यूब घेऊन मंडपाच्या दोन टोकांना धरा. चार-पाच इंचांचा फरक निघाला तर दचकू नका, तो यादीत लिहा, कारण तेवढ्या उंचीचे ठोकळे लागणार आहेत. उंचीही विचारून घ्या. डेकोरेटर "चौदा फूट" म्हणतो ते वरच्या बांबूपर्यंत. खाली छताचं कापड झोळ घेऊन येतं आणि हातात बारा उरतात.

आता पुठ्ठा, कात्री, डिंक. सगळ्यात आधी मूर्ती ठेवा: तीन इंचांचा चौथरा, त्यावर पाच इंचांचा पुठ्ठ्याचा आकार. मग माणसं कापा, साडेपाच इंचांची मोठी आणि साडेतीन इंचांची लहान मुलं, पंचवीस-तीस तरी. हा पोरखेळ वाटतो, पण प्रतिकृतीतली सगळ्यात कामाची वस्तू हीच.

आमच्या मिठागराचा पहिला आराखडा असा होता: मूर्तीसमोर जमिनीवर बारा बाय आठ फुटांचे मिठाचे वाफे, त्यापलीकडून लोकांनी दर्शन घ्यायचं. कागदावर देखणं. प्रतिकृतीत पुठ्ठ्याची माणसं उभी केल्यावर दोन गोष्टी दिसतात. आरतीला उभं राहायला जागाच नाही, आणि गुरुजी मूर्तीपर्यंत जाणार ते मिठातून. तिसरी गोष्ट कळायला मोबाइल घ्या, त्याचा कॅमेरा जमिनीपासून पाच इंचांवर धरून फोटो काढा. ही उभ्या माणसाची नजर. वाफे फोटोत पांढऱ्या रेघेसारखे दिसतात, कारण सपाट जमीन पाच फुटांवरून बघितली की चेपलेलीच दिसते. तोच फोटो सव्वातीन इंचांवरून काढलात तर समोरचा कठडा सोडून काहीच दिसत नाही. देखावा बघायला येणाऱ्यांत अर्धी मुलं असतात.

दुसरा आराखडा यातूनच निघाला. २४ फुटांच्या रुंदीचे तीन पट्टे केले. डावीकडे आठ फूट देखावा, मध्ये दहा फूट वाट, उजवीकडे सहा फूट पंगत. वाटेच्या मध्ये दोरी, आत जाणारे डावीकडून, बाहेर येणारे उजवीकडून. आरतीच्या वेळी दोरी काढली की दहा फूट मोकळे. खोलीचे ३२ फूट असे: डाव्या पट्ट्यात पहिले बारा फूट खाडी आणि उघाडी, पुढचे बारा फूट वाफे, शेवटचे आठ फूट मूर्तीचा चौथरा. वाफ्यांची फळी वाटेकडे एक फूट उंच आणि भिंतीकडे अडीच फूट, म्हणजे माणसाकडे कललेली. आता पाच इंचांवरून फोटो काढला की बाराही वाफे मोजता येतात.

आणि या मांडणीत गोष्ट आपोआप चालायला लागते. वाफे बारा, प्रत्येक चार बाय दोन फुटांचा. उघाडीकडचे पहिले चार पाण्याने भरलेले, पुढच्या तिनांच्या कडांना पांढरी साय धरलेली, शेवटच्या पाचांत मीठ आणि बाजूला राशी. माणूस दर्शनाकडे जसजसा सरकतो तसतसं पाण्याचं मीठ होत जातं. परत येताना उजवीकडे केळीची पानं मांडलेली, आणि प्रत्येक पानावर चिमूटभर मीठ. मी तरी एवढं झाल्यावर पंगतीत दुसरा पदार्थ ठेवणार नाही. समितीत कुणीतरी मोदक, वरणभात, कोशिंबीर असं पूर्ण पान मांडायला सांगेल, नको म्हणा.

मागच्या भिंतीवरची झोपडी, डोंगर रंगवताना पुढचं मोठं, मागचं लहान हा नियम प्रतिकृतीतच आजमावा. वाफ्यांशेजारची झोपडी सात फूट, भिंतीवर रंगवलेली तीन फूट केली की आठ फुटांच्या पट्ट्यात बरीच खोली भासते. फक्त त्या छोट्या झोपडीजवळ खरा माणूस किंवा खरी टोपली ठेवू नका, लगेच बिंग फुटतं.

यादी

यादी लिहिताना प्रतिकृतीचा एकेक तुकडा हातात घ्या आणि त्याचं माप लिहा. आठवणीने लिहिलेल्या यादीत खिळे आणि सुतळी कधीच नसतात.

डावी भिंत घेऊ. २४ फूट लांब, दहा फूट उंच. चार फुटी रुंदीच्या सहा चौकटी, नाटकवाले ज्यांना फ्लॅट म्हणतात त्या. एका चौकटीला दहा फुटांच्या दोन उभ्या पट्ट्या आणि चार फुटांच्या चार आडव्या, मिळून ३६ फूट. सहा चौकटींना २१६, कापताना वाया जाणारं धरून २४० रनिंग फूट, दोन बाय एक इंचाची लाकडी पट्टी. कापड मांजरपाट. चौकट ४८ इंच रुंद, दोन्ही बाजूंना तीन-तीन इंच मुडपायला, म्हणजे ५४ इंच पन्हा हवा. दुकानात पन्हा कमी मिळाला तर जोड येणार आणि जोडाची शिवण रंगातून दिसणार, म्हणून खरेदीला जाताना पन्हा लिहूनच न्या. लांबी प्रत्येकी अकरा फूट, सहांना ६६, म्हणजे वीस मीटरच्या थोडं वर, बावीस घ्या. रंगाआधी कापडाला खळ आणि खडूच्या भुकटीचा हात द्यावा लागतो, नाहीतर डिस्टेंपर कापड पीत राहतं. चौकटी उभ्या करताना खाली विटा घालून चार इंच उचला. भाद्रपदातल्या एका सरीत मंडपात पाणी शिरतं आणि जमिनीला टेकलेलं कापड वातीसारखं ते वर ओढतं. दुसऱ्या दिवशी रंगावर फूटभर उंचीचा तपकिरी डाग दिसतो.

वाफ्यांची फळी म्हणजे आठ बाय चारचे तीन प्लाय शेजारी शेजारी, बारा मिलिमीटरचे. कापाकापी नाही, म्हणून उत्सवानंतर ते पूर्ण तसेच राहतात. मापं ठरवताना आठ आणि चारच्या पटीत राहिलात तर प्लायचा खर्च निम्म्यावर येतो असं नाही म्हणत मी, पण तुकड्यांचा ढीग पडत नाही.

आता मीठ. नवखा माणूस यादीत मीठच लिहितो, खरं मीठ, कारण ते स्वस्त आहे. लिहू नका. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून विरघळायला लागतं, आणि जाडं खडेमीठ त्याहून आधीच ओलं होतं. आपल्याकडे गणपतीच्या दिवसांत हवा बहुतेक वेळ तेवढी दमट असतेच. दोन दिवसांत वाफ्यात राखाडी चिखल होतो, ते खारट पाणी फळीवरून खाली ठिबकतं, खिळे गंजतात, आणि खालून वायर गेली असेल तर धोका वेगळाच. शंका असेल तर एका ताटलीत मूठभर खडेमीठ घेऊन रात्रभर खिडकीत ठेवा. पंगतीच्या पानावरची चिमूट मात्र खरी ठेवता येते, रोज सकाळी बदलायची.

थर्माकोलचा चुरा हा दुसरा सुचणारा पर्याय. महाराष्ट्रात २०१८ पासून सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आहे, तो विषय संपला. रांगोळी पांढरीशुभ्र दिसते पण पंख्याच्या वाऱ्याने उडते आणि मूर्तीवर बसते. उरते ती संगमरवराची चुरी, फरशीच्या दुकानात पोत्याने मिळणारी, बारीक दाण्याची. लाइटमध्ये ती मिठासारखीच चमकते. अडचण वजनाची. बाराही वाफ्यांत अर्धा इंच थर म्हणजे ९६ चौरस फुटांना चार घनफूट, आणि एक घनफूट चुरी साधारण चाळीस-पंचेचाळीस किलो, म्हणजे जवळपास १७० किलो. पाचच वाफ्यांत मीठ आहे, त्यामुळे ४० चौरस फूट, सत्तर किलोच्या आसपास. आठ फुटांत दीड फूट चढ आहे, त्यावर चुरी घसरत नाही. तरी खालच्या कडेला इंचभर पट्टी ठोका आणि फळीखाली दर दोन फुटांवर आधार द्या.

राशी भरीव करू नका. बांबूची टोपली पालथी घाला, वर मांजरपाटाचा तुकडा ताणून बसवा, गोंद फासून त्यावर चुरी दाबा. लांबून दोन माणसांच्या उचलीची रास वाटते, उचलायला एक हात पुरतो. कडेला साय धरलेले तीन वाफे करताना रांगोळी कामाला येते: व्हार्निश ओलं असताना कडेने भुरभुरायची, मग ती उडत नाही. पाण्याच्या वाफ्यांत पाणी नको. निळसर राखाडी ऑइल पेंटचे दोन हात आणि वर चकचकीत व्हार्निश, समोरून तिरका लाइट पडला की पाणीच दिसतं. ऑइल पेंटला पावसाळ्यात सुकायला वेळ लागतो, म्हणून या फळ्या मंडपात नाही, आधीच कुणाच्या तरी गच्चीखाली रंगवून ठेवायच्या.

उघाडीची फळी हळूहळू वरखाली व्हावी असं वाटत असेल तर गाडीच्या वायपरची जुनी मोटर घ्या. ती बारा व्होल्टवर चालते, संथ फिरते आणि बंद पडली तर दुसरी लगेच मिळते. यादीत ती दोनदा लिहा. लाइट एलईडीचेच, कापडापासून हातभर लांब. महावितरणचं तात्पुरतं कनेक्शन घेताना एकूण वॉट विचारतात. यादीत प्रत्येक दिव्यापुढे वॉट लिहिलेले असले की बेरीज तिथेच मिळते. विजेच्या गळतीला तुटणारा ब्रेकर, वाळूच्या बादल्या आणि अग्निशामक सिलिंडर हे सजावटीच्या यादीतच असू द्या. वेगळ्या कागदावर लिहिलं की तो कागद हरवतो.

शेवटी प्रत्येक वस्तूपुढे तीन रकाने करा: विकत, भाड्याने की मागून आणलेली; कुणी आणायची आणि कोणत्या तारखेला; विसर्जनानंतर कुठे जाणार. तिसरा रकाना रिकामा राहिला तर ती वस्तू बहुधा अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी फुटपाथवर पडलेली दिसते. आमच्या यादीत प्लाय आणि चौकटी पुढच्या वर्षासाठी मंडळाच्या खोलीत, चुरी पोत्यांत भरून सोसायटीच्या कुंड्यांवर पसरायला, फळी आणि टोपल्या गावठाणात ज्यांच्या त्यांच्या घरी. मागून आणलेल्या वस्तूंचा आणतानाच फोटो काढून मालकाचं नाव मागे चिकटवा, कारण दहा दिवसांनी सगळ्या फळ्या सारख्याच दिसतात.

वेळापत्रक सोपं आहे. गोष्ट आषाढाच्या सुरुवातीलाच ठरवा, प्रतिकृती गुरुपौर्णिमेच्या सुमारास पूर्ण करा, यादी नागपंचमीच्या आत. गोपाळकाल्यानंतर बाजारात गेलात तर ठाण्याच्या जांभळी नाक्यावर मांजरपाट मिळेल, पण तुम्हाला हवा तो पन्हा मिळेलच असं नाही, आणि सुतार तर एव्हाना दुसऱ्या मंडळाच्या कामावर गेलेला असतो. प्रतिकृती मंडपाच्या पहिल्या बांबूबरोबर जागेवर नेऊन ठेवा, वर प्लास्टिकचा कागद घालून. सुताराला, लाइटवाल्याला आणि रंगाऱ्याला वेगवेगळं समजावत बसण्यापेक्षा त्यांनाच त्यावर टेप लावू द्या.